धागा: एकाच मजकुराचे चार सारांश, फलकावर कुठला लावायचा?

भातखाचर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात भातलावणीच्या आधी तिठ्यावर सर्पदंशाचा फलक रंगवायचा ठरलंय. मजकुराचं एक पान आमच्याकडे तयार होतं. गेल्या वर्षी आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी सांगितलेलं आम्ही लिहून काढलं होतं आणि त्यांच्या नजरेखालून घातलंही होतं. पण ते दीडशेच्या आसपास शब्द आहेत. पेंटर म्हणतो ५५ च्या वर गेलात तर चालत्या रिक्षातून वाचता येणार नाही. म्हणून चौघांनी चार सारांश केले. ग्रुपवर मतदान घेतलं तर १४ पैकी ९ मतं 'क' ला पडली. मला मात्र 'क' खटकतोय आणि का ते नीट सांगता येत नाहीये. निवडायची काही साधी रीत आहे का?

मूळ मजकूर:

> साप चावल्यास घाबरू नका. सापाच्या अनेक जाती बिनविषारी असतात आणि विषारी सापाच्या प्रत्येक चाव्यात विष शरीरात जातेच असे नाही. तरीही प्रत्येक सर्पदंश विषारी समजूनच रुग्णालयात जावे. रुग्णाला चालवू नका, धावू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतात तसा फळीच्या आधाराने स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ लगेच काढा, कारण सूज आल्यावर ती निघत नाहीत. जखम कापू नका, तोंडाने ओढू नका, बर्फ लावू नका, दोरीने आवळून बांधू नका. कोणी आधीच आवळपट्टी बांधली असेल तर ती वाटेत सोडू नका. ती डॉक्टरांसमोरच सोडावी. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जा. मण्यार चावल्यास बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, खूण दिसेलच असे नाही; रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागले किंवा पापण्या जड झाल्या तर सर्पदंशाची शंका घ्यावी. लक्षणे नसलेल्या रुग्णालाही रुग्णालयात २४ तास देखरेखीखाली ठेवतात.

आणि हे चार:

क. साप चावल्यास घाबरू नका. बहुतेक साप बिनविषारी असतात. रुग्णाला शांत ठेवा, चालवू नका. जखम कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. अंगठी-बांगड्या काढा. सापाचा फोटो काढा. वेळ लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा.

ख. प्रत्येक सर्पदंश विषारी समजा. रुग्णाला चालवू नका. चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा. कापू नका, तोंडाने ओढू नका, बर्फ लावू नका. आवळपट्टी डॉक्टरांसमोरच सोडावी. सापाला मारण्यात वेळ घालवू नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जा.

ग. प्रत्येक सर्पदंश विषारी समजून लगेच रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल ते वाहन घ्या. रुग्णाला चालवू नका, चावलेला हात-पाय फळीने स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या काढा. कापणे, चोखणे, बर्फ, दोरीने आवळणे यांतले काही करू नका. साप शोधू नका. दुखले नाही, खूण दिसली नाही तरी पहाटे पापण्या जड झाल्या तर सर्पदंश समजा.

घ. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालयात जा. तीन तासांत प्रतिविष मिळाले तर जीव वाचतो. रुग्णाला चालवू नका, पाणी देऊ नका. हात-पाय फळीने स्थिर ठेवा, अंगठ्या काढा. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. सापाला मारू नका. १०८ ला फोन करा.

---

सांजवात

मी पण 'क' ला मत दिलं असतं. सुटसुटीत आहे, धीर देणारा आहे. 'ख' वाचताना सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं.

---

रानमोगरा

मण्यार आणि कवड्या साप यांतला फरक कसा ओळखायचा? आमच्या पडवीत परवा एक निघाला, काळा, पांढरे पट्टे. फोटो टाकू का?

---

भातखाचर

रानमोगरा, तो वेगळा धागा काढा प्लीज, तिथे जाणकार सांगतील. आणि तोवर फोटोसाठी जवळ जाऊ नका.

---

जुना_डेस्कवाला

तेवीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. रात्री साडेअकराला सातशे शब्दांची बातमी दीडशेत बसवणं हेच काम. तीन उपसंपादक एकच बातमी कापत, त्यातली कुठली लावायची यावर रोज भांडण. त्यातून जी रीत बसली ती सांगतो.

पहिली गोष्ट: चारही सारांश बाजूला ठेवा. फक्त मूळ वाचा आणि वहीत लिहा, यातलं काय गाळलं तर वाचणाऱ्याचं नुकसान होईल. ही यादी सारांश वाचण्याआधी व्हायला हवी. आधी सारांश वाचला की त्यात जे आहे तेच आपल्याला महत्त्वाचं वाटायला लागतं आणि जे नाही ते आठवतच नाही. तुमच्या नऊ जणांचं तेच झालं असणार. ग्रुपवर 'क' सगळ्यात वर होता ना?

तुमच्या मजकुराची माझी यादी सात गोष्टींची:
१. प्रत्येक दंशाला रुग्णालय.
२. चालवायचं नाही, हात-पाय स्थिर.
३. अंगठी-बांगड्या काढणे.
४. कापणे, चोखणे, बर्फ, आवळणे नको.
५. १०८ किंवा वाहन, आणि प्रतिविष असेल तिथेच.
६. सापाच्या मागे लागायचं नाही.
७. न दुखणारा दंश, पहाटेची लक्षणं.

मग प्रत्येक सारांशाला चार प्रश्न. उत्तर हो किंवा नाही, मधलं काही नाही.

एक, सातही गोष्टी आल्या का? प्रत्येकीसमोर वेगळी खूण. दोन, मुळात नसलेलं काही आत आलंय का? तीन, मुळातले नकार, अटी, आकडे आणि 'अनेक', 'बहुधा' असले शब्द होते तसेच आहेत का? चार, मूळ न वाचलेल्या माणसाला हे एकदा वाचून काय करायचं ते सांगता येतं का?

दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नात अशी चूक सापडली की जिच्यामुळे माणूस उलटं काहीतरी करेल, तर तो सारांश बाद. मग तो कितीही छान लिहिलेला असो.

आता 'क' घ्या. मुळात 'अनेक जाती बिनविषारी' आहे, इथे 'बहुतेक साप' झालं. ते एक वेळ सोडून देऊ. पण मुळातला तो मुद्दा तिथेच संपत नाही. 'तरीही' नंतर जे आहे त्यासाठीच पहिला अर्धा भाग लिहिलाय. 'क' ने 'तरीही' च्या आधीचं ठेवलं आणि नंतरचं फेकलं. तुम्हाला खटकत होतं ते बहुतेक हेच. फलक वाचून माणूस म्हणेल, बहुतेक बिनविषारी असतात, बघू सकाळपर्यंत.

शिवाय 'लांबून फोटो मिळाला तर ठीक' याचं 'सापाचा फोटो काढा' झालं. सवलतीचा हुकूम झाला. अंधारात मोबाईल घेऊन गडग्याच्या फटीत वाकणारा पोरगा मला डोळ्यासमोर दिसतो.

---

भातखाचर

अगदी! 'तरीही' चं लक्षातच आलं नव्हतं. आणि हो, 'क' सगळ्यात वर होता. शिवाय ज्यांनी लिहिला ते गावात सगळ्यांचे आवडते मास्तर आहेत, तोही भाग असेल.

---

जुना_डेस्कवाला

मग पुढच्या वेळी नावं काढून द्या, आणि प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने. आमच्याकडे संपादकांच्या पुतण्याची कॉपी कायम 'सरस' ठरायची, नाव झाकेपर्यंत.

---

एक्सेलभाऊ

इतकं कशाला? सोपी पद्धत आहे. सारांशातले किती शब्द मुळात आहेत ते मोजा. ज्याचे जास्त जुळले तो मुळाशी जास्त प्रामाणिक. मी आत्ता शीटमध्ये टाकून बघितलं, 'ख' पहिला आला, त्याचे ५२ शब्द जवळजवळ सगळे मुळातलेच आहेत. 'ग' मागे आहे, त्यात 'चोखणे', 'शोधू' असे बाहेरचे शब्द आहेत. 'घ' सगळ्यात खाली. म्हणजे 'ख' लावा. वाद मिटला.

---

परिचारिका_ताई

'ख' लावू नका!!

मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. 'ख' मधलं हे वाक्य परत वाचा: "आवळपट्टी डॉक्टरांसमोरच सोडावी." आणि आता त्याच्या आधीचं वाक्य बघा. कापू नका, ओढू नका, बर्फ लावू नका. 'दोरीने आवळून बांधू नका' कुठे आहे? गाळलंय. म्हणजे वाचणाऱ्याला काय कळतं? आवळपट्टी बांधायचीच असते, फक्त सोडायची डॉक्टरांसमोर.

आमच्याकडे कितीतरी रुग्ण अजून सुतळीने आवळून आणतात. बोटं काळीनिळी झालेली असतात. एकदम सोडली तर अडकलेलं विष एका दमात अंगात जाऊ शकतं, म्हणून आम्ही सगळी तयारी ठेवून मग हळूहळू सोडतो. मूळ लिहिणाऱ्या डॉक्टरांनी दोन्ही वाक्यं लागोपाठ ठेवली त्याला कारण आहे. एक काढलं की दुसऱ्याचा अर्थ फिरतो.

---

एक्सेलभाऊ

अरे बापरे. पण शब्द तर सगळे मुळातलेच आहेत.

---

जुना_डेस्कवाला

तीच तर गंमत आहे भाऊ. शब्द जुळवण्याची युक्ती अगदी टाकाऊ नाही. १०८ चं १०२ झालं, २४ तासांचे १२ झाले, गावाचं नाव चुकलं, असल्या चुका तिने पटकन सापडतात. पण 'नका' गेला तर तिच्या लेखी एकच शब्द कमी झाला. आणि 'ग' ने 'तोंडाने ओढू नका' चं 'चोखणे' केलं, जे आमच्या आजीलाही कळेल, त्याचा तिने दंड लावला.

ताईंचं म्हणणं शंभर टक्के. मी स्वतः 'ख' वर तीन नंबरच्या प्रश्नाला 'हो' लिहिलं होतं. प्रत्येक वाक्य सुटं तपासलं, सगळी खरी निघाली. एकमेकांशेजारी ठेवून वाचलं नाही.

---

दहावीची_आई

माझ्या मुलीला यंदा दहावीला मराठीत सारांशलेखन आहे. एक तृतीयांश करायचा असतो आणि स्वतःच्या शब्दांत. तिचे सर म्हणतात उदाहरणं गाळा, आकडे गाळा, मुख्य कल्पना ठेवा. इथे तर तुम्ही उलटं म्हणताय, आकडे ठेवा. मग तिने काय करायचं? गुण जातील ना?

---

जुना_डेस्कवाला

ताई, सर बरोबर सांगतायत. परीक्षेतला उतारा बहुतेक वेळा विचार मांडणारा असतो. त्यात 'श्रमाला प्रतिष्ठा हवी' हा गाभा आणि तीन उदाहरणं त्याला टेकू. टेकू काढला तरी गाभा उभा राहतो. सर्पदंशाच्या पानात १०८ हा टेकू नाही, तोच गाभा आहे. म्हणून यादी दर मजकुराला नव्याने करायची असते, छापील यादी चालत नाही. प्रश्न दोन आणि तीन मात्र तिलाही लागू आहेत. लेखकाने 'काही वेळा' म्हटलं असेल तर तिने 'नेहमी' लिहू नये, आणि स्वतःचं मत घुसडू नये.

---

दहावीची_आई

बरं. तिला मत घालायची फार सवय आहे, शेवटी 'म्हणून आपण सर्वांनी' असं असतंच. सांगते.

---

सांजवात

'घ' बद्दल कोणी बोलत नाहीये. मला आता तो आवडतोय. मांत्रिकाचा मुद्दा महत्त्वाचाच आहे की! मूळ लिहिणाऱ्यांकडून राहून गेला असेल, 'घ' ने सुधारला.

---

परिचारिका_ताई

मांत्रिकाचं मलाही पटतं. पाणी-खाणं देऊ नका हे आम्हीपण सांगतो, घशाचे स्नायू ढिले पडले असतील तर ठसका लागून श्वासनलिकेत जातं. पण 'तीन तासांत' हे कुठून आलं? असा काही उंबरठा नाही. जितक्या लवकर तितकं बरं, एवढंच. उशिरा आलेल्यांनाही विषाची लक्षणं असतील तर आम्ही प्रतिविष देतो. उद्या कोणी चार तासांनी फलक वाचला तर तो म्हणेल आता काय उपयोग.

---

जुना_डेस्कवाला

'घ' मध्ये तीन गोष्टी बाहेरून आल्यात. दोन योग्य पण मुळात नसलेल्या, एक चुकीची. आणि तिन्ही सारख्याच ठसठशीत अक्षरात रंगवल्या जाणार. वाचणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही की कुठली डॉक्टरांची आणि कुठली लिहिणाऱ्याची. म्हणून दुसरा प्रश्न इतका कडक ठेवायचा. मांत्रिक हवा असेल तर आधी मुळात घाला, डॉक्टरांना दाखवा, मग सारांशात आणा.

---

उलटतपासणी

थोडा वेगळा सूर लावतो. डेस्कवाल्यांची ही रीत सारांश मुळाशी इमानदार आहे का एवढंच सांगते. मूळच चुकीचं असेल तर? सारांश चोख आणि सल्ला घातक. मग 'घ' ने स्वतःची अक्कल वापरली तर त्याला बाद करणं कितपत बरोबर?

---

जुना_डेस्कवाला

दोन वेगळी कामं आहेत ती. मूळ बरोबर आहे का ते डॉक्टर बघतील. मी कापलेली कॉपी बघतो. दोन्ही एका माणसाने एकाच वेळी केली की दोन्हीत ढिलाई होते.

---

उलटतपासणी

मला नाही पटलं. तुम्हाला चूक दिसली तरी तुम्ही 'हो, मुळात आहे' म्हणून खूण करणार?

---

जुना_डेस्कवाला

खूण करणार आणि फोन उचलून मूळ लिहिणाऱ्याला सांगणार. सारांशात गुपचूप दुरुस्त करणार नाही. असो, यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

---

भातखाचर

मंडळी, काल रात्री मी आणि बायको (ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे) वेगवेगळ्या खोलीत बसून सात गोष्टींवर खुणा केल्या. एकमेकांना दाखवायच्या नाहीत असं ठरवलं होतं. एखादी गोष्ट अर्धवट आली असेल तर 'नाही'.

'क' ला दोघांकडून एकच: अंगठी-बांगड्या. हात-पाय स्थिर ठेवणं नाही, आवळणं नाही, रुग्णालय हा शब्दच नाही! ज्याला नऊ मतं पडली त्यात सातपैकी एक. मी दोनदा तपासलं.

'ख' ला पाच. गेले ते आवळणं आणि मण्यार.

'ग' ला सहा. अडलं ते फक्त 'प्रतिविष असलेल्या' वर.

'घ' वर आमचं जुळलं नाही. मी चार दिले, तिने तीन. 'थेट रुग्णालयात जा' याला मी 'प्रत्येक दंशाला रुग्णालय' धरलं. ती म्हणाली, "प्रत्येक कुठे लिहिलंय? धामण चावली असं वाटलं तर माणूस जाईल का?" अर्धा तास वाद. शेवटी कळलं की आमचा मुद्दाच ढिला लिहिला होता. तो आता असा केलाय: 'बिनविषारी वाटला तरी रुग्णालय, हे कळतं का?' मग मीही 'नाही' लिहिलं.

---

एक्सेलभाऊ

मग बेरीज करा ना. ग ६, ख ५, घ ३, क १. माझा 'ख' दुसरा आला, अगदीच वाईट नाही.

---

भातखाचर

भाऊ, त्याच 'ख' ची गोष्ट सांगतो. चौथ्या प्रश्नासाठी शेजारच्या काकींना चारही कागद दिले. सत्तरीच्या आहेत, मूळ पान त्यांनी बघितलेलं नाही. प्रत्येक वाचल्यावर विचारलं, "आता रात्री कोणाला साप चावला तर काय करशात?"

'क' वर म्हणाल्या, घाबरूचा नाय, फोन करूचो. बरं. 'ख' वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "पट्टी खंय बांधूची? चावल्याच्या वर काय खाली?"

अंगावर काटा आला. परिचारिका ताईंनी लिहिलं होतं ते अक्षरशः.

---

परिचारिका_ताई

🙏 काकींना नमस्कार सांगा. पाच गुण मिळवून हा प्रश्न पडणार असेल तर ती बेरीज कशाला हवी?

---

एक्सेलभाऊ

मान्य. शीट बंद केली.

---

सांजवात

'ग' वर काकी काय म्हणाल्या?

---

भातखाचर

सगळं सांगितलं त्यांनी, फळीसकट. फक्त शेवटच्या ओळीवर अडल्या. "दुखाक नाय तरी साप? मग कळतला कसा?" म्हणजे कळलंय, पण विश्वास बसत नाहीये. ती अडचण सारांशाची की मण्यारीची, मला ठरवता येईना.

---

उलटतपासणी

'ग' ला इतकं डोक्यावर घेऊ नका. शेवटची ओळ तपासा. मुळात 'सर्पदंशाची शंका घ्यावी' आहे, 'ग' म्हणतो 'सर्पदंश समजा'. शंका आणि समजणं यात फरक आहे. तुमच्याच तिसऱ्या प्रश्नात बसत नाही. आणि पोटात दुखणं गाळून वर 'दुखले नाही' लिहिलंय. पहाटे पोटात कळ येऊन उठलेला माणूस म्हणेल, मला तर दुखतंय, म्हणजे हे ते नव्हे.

---

जुना_डेस्कवाला

पोटाचं बरोबर पकडलंत, माझ्या नजरेतून सुटलं होतं. 'समजा' बद्दल म्हणाल तर बदल झालाय हे खरं. पण त्या बदलामुळे माणूस काय चुकीचं करेल? फार तर साप चावलेला नसताना रुग्णालयात जाईल. 'क' च्या चुकीत माणूस घरी थांबतो. दोन्हींसमोर 'नाही' अशीच खूण पडेल, पण बाद मी फक्त 'क' ला करीन.

---

उलटतपासणी

म्हणजे शेवटी हो-नाहीच्या पलीकडे तुमचा अंदाज आलाच.

---

जुना_डेस्कवाला

आला. तो कुठे वापरला ते मात्र कागदावर दिसतं.

---

भातखाचर

बरं, 'ग' दुरुस्त करून टाकतोय. पहिल्या ओळीत 'प्रतिविष असलेल्या' घातलं, शेवटची ओळ बदलली:

> प्रत्येक सर्पदंश विषारी समजून लगेच प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल ते वाहन घ्या. रुग्णाला चालवू नका, चावलेला हात-पाय फळीने स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या काढा. कापणे, चोखणे, बर्फ, दोरीने आवळणे यांतले काही करू नका. साप शोधू नका. खूण नसली तरी पहाटे पोटात दुखले, पापण्या जड झाल्या तर सर्पदंशाची शंका घ्या.

मोजले, ५४ झाले. पेंटर खूश.

---

परिचारिका_ताई

छान झालाय. पण दुरुस्त केलेला परत पहिल्यापासून तपासा हं, आधीच्या खुणांवर जाऊ नका. आणि माझी एक मागणी आहेच. 'आधीच बांधली असेल तर वाटेत सोडू नका' हे हवं. फलक वाचून शहाणा झालेला भाऊ रिक्षात बसल्यावर सुतळी कापून टाकेल, ही भीती मला खरंच वाटते.

---

भातखाचर

सात शब्द वाढतात ताई. ६१ होतात. काय काढू? अंगठी-बांगड्या?

---

परिचारिका_ताई

अंगठी नको काढू. सुजलेल्या बोटातली अंगठी आम्हाला कापावी लागते. 'साप शोधू नका' काढ.

---

सांजवात

नको नको, आमच्याकडे पहिल्यांदा सगळे काठ्या घेऊन साप शोधायलाच पळतात.

---

जुना_डेस्कवाला

पेंटरला अक्षर थोडं बारीक करायला सांगा. यादीतली गोष्ट गाळण्यापेक्षा सहा शब्द जास्त बरे. शब्दमर्यादा आपण घातलीय, सापाने नाही.

---

भातखाचर

विचारतो त्याला. शुक्रवारी येणार आहे.

आणखी एक. बायकोने दुरुस्त केलेला कागद परत काकींना दाखवला. काकी म्हणाल्या, सगळा बरा आसा, पण "प्रतिविष असलेला रुग्णालय खंयचा ता माका रात्री दोन वाजता कोण सांगतला?"

आता बोला. नाव लिहावं तर ते मुळात नाही.

---

जुना_डेस्कवाला

😄 काकींना डेस्कवर घ्यायला हवं होतं. नाव लिहाच, पण सारांशात नको. खाली वेगळी चौकट करा, वेगळ्या रंगात. आणि रंगवण्याआधी त्या रुग्णालयात फोन करून विचारा, रात्रीही साठा आणि डॉक्टर असतात का.

---

भातखाचर

उद्या सकाळी फोन करतो. ताई, नेमकं काय विचारायचं? नुसतं 'प्रतिविष आहे का' म्हटलं तर 'आहे' म्हणतील.

---

परिचारिका_ताई

विचार, "आत्ता किती कुप्या आहेत, आणि रात्री ड्युटीवर असतात ते डॉक्टर सर्पदंशाचे रुग्ण इथेच ठेवतात की पुढे पाठवतात?" दुसऱ्या प्रश्नाला जरा थांबून उत्तर आलं तर चौकटीत पुढच्या रुग्णालयाचं नाव लिही.